धागे किती, यापेक्षा किती ताणलेले

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीतील अन्नजाळ्यांवरचा, म्हणजे कोण कोणाला खातो याच्या जाळ्यांवरचा लेख वाचला. ‘प्रजाती आणि त्यांच्यातले धागे वाढले की परिसंस्था भक्कम होते’ हे त्यातले विधान मात्र मला खटकले. या समजुतीला १९७२ सालीच मोठा धक्का बसला आहे.

त्या वर्षी परिसंस्थांचे अभ्यासक रॉबर्ट मे यांनी गणिताने दाखवले की, धागे यदृच्छेने जोडले तर मोठे जाळे तेव्हाच स्थिर राहते, जेव्हा σ√(SC) < 1. इथे S म्हणजे प्रजातींची संख्या आणि C म्हणजे कनेक्टन्स, अर्थात शक्य तेवढ्या जोडण्यांपैकी प्रत्यक्षात असलेल्यांचे प्रमाण. σ हा परस्परक्रियांच्या बळाचा पसारा. प्रत्येक प्रजाती स्वतःच्याच वाढीला घालते तो लगाम १ धरला आहे. ५० प्रजाती आणि ०.१ कनेक्टन्स असेल, तर σ सुमारे ०.४५ च्या खाली हवा. प्रजाती २०० झाल्या की हीच मर्यादा ०.२२ वर येते. म्हणजे गुंतागुंत वाढली की जाळे डळमळते!

मग खरी जाळी टिकतात कशी? ती यदृच्छेने विणलेली नसतात, हे याचे एक उत्तर. रॉबर्ट पेन यांनी खडकाळ किनाऱ्यावर शेवाळ खाणाऱ्या प्राण्यांचा परिणाम प्रत्यक्ष मोजला. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या मोजणीत बहुतेक धागे अगदी दुबळे निघाले, बळकट होते ते मोजकेच.

हे दुबळे धागे काय करतात, ते तळ्यात पाहू. पाणपिसू चविष्ट शैवाल झपाट्याने खाते, तिची संख्या फुगते, शैवाल संपते, पाठोपाठ पिसूही उपासमारीने कोसळते. मग शैवाल पुन्हा माजते. आता तिथे दुसरे, पिसूला जेमतेम खाता येणारे शैवाल आणा. ते पाण्यातील पोषणद्रव्यांचा बराच वाटा स्वतःकडे ओढते, त्यामुळे चविष्ट शैवालाला माजता येत नाही. पिसूही फुगत नाही आणि हेलकावे मंदावतात. केविन मॅककॅन आणि सहकाऱ्यांच्या १९९८ च्या गणिती प्रतिकृतींतही हेच दिसले: बळकट धाग्यांच्या शेजारी दुबळे धागे असले की ते त्यांचा झोका आवरतात.

पण हा नियम सरसकट लागू पडत नाही. स्टेफानो अलेसिना आणि सी तांग यांनी २०१२ मध्ये दाखवले की, यदृच्छेने जुळलेल्या भक्ष्य-भक्षक जाळ्यात दुबळे धागे स्थैर्य बिघडवूही शकतात. धागा दुबळा आहे एवढ्यावर भागत नाही, तो जाळ्यात कुठे बसला आहे हेही पाहावे लागते.

लेखातील आकृतीत सगळे बाण एकाच जाडीचे होते. पोटातील अन्नाच्या तपासणीवरून कोण कोणाला खातो हे कळते, पण तेवढ्यावरून बाण किती जाड काढायचा हे ठरत नाही. त्यासाठी एखादी प्रजाती काही काळ बाजूला काढून बाकीच्यांची संख्या किती बदलते, हे मोजावे लागते.

आपला नियमित वाचक