लॉकरमध्ये फोटो आणि लॉकरमध्ये दाखला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गणपतीला कोकणात जाणाऱ्यांची ठाणे स्टेशनवर झुंबड उडते, तेव्हा बऱ्याच जणांच्या हातात हल्ली पाकिटाऐवजी फोन असतो. सोय चांगलीच आहे. पण सरकारी डिजिलॉकर ॲपमध्ये Issued आणि Drive असे दोन वेगळे कप्पे आहेत आणि तपासणीच्या वेळी त्यातला एकच चालतो, हे घरोघरी माहीत नाही. म्हणून हे पत्र.

आमच्या मजल्यावरचे काका कुडाळला निघाले होते. नातवाने त्यांच्या आधार कार्डाचा फोटो काढून ॲपमध्ये चढवून ठेवला होता. गाडीत टीसी आले तेव्हा काकांनी ऐटीत फोन पुढे केला. टीसी शांतपणे म्हणाले, "काका, हा तुम्ही टाकलेला फोटो आहे. Issued मध्ये काय आहे ते दाखवा." तिथे काहीच नव्हतं. त्याच पीएनआरवर सुनेचं नाव होतं आणि तिच्या Issued मध्ये लायसन्स होतं, म्हणून निभावलं. ई-तिकिटावर एका प्रवाशाचं ओळखपत्र पुरतं; कुणाचंच नसेल तर सगळ्यांना विनातिकीट धरतात.

टीसींचं बरोबरच होतं. Issued मधला कागद संबंधित खात्याच्या नोंदीतून थेट येतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या नियमांत 2017 साली दुरुस्ती होऊन त्याला मूळ कागदपत्राचा दर्जा मिळाला. आपण Drive मध्ये चढवलेली फाइल म्हणजे नुसती प्रत. ती कुणाची, खरी की खोटी, हे कुणी तपासलेलं नसतं. रेल्वेनेही 2018 मध्ये आधार आणि लायसन्स Issued मधून चालतील, स्वतः चढवलेले चालणार नाहीत, असं स्पष्ट केलं होतं.

मग काकांनी Issued मध्ये कागद नीट मागवायचं ठरवलं आणि खरी गंमत तिथे सुरू झाली. आधारसाठी ओटीपी जोडलेल्या मोबाइलवर येतो. काकांचा जोडलेला नंबर कधीच बंद झालेला. तो बदलायला आधार केंद्रात स्वतः जावं लागलं. लायसन्ससाठी ॲपमध्ये परिवहन खात्याचं Driving License निवडून नंबर टाकायचा असतो. त्यांचं लायसन्स जुन्या पुस्तिकेचं, एमएच-04 चं. नंबर टाकला की 'नोंद सापडली नाही'. अशी जुनी लायसन्सं संगणकावर चढलेलीच नसतील तर आरटीओत जाऊन बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते. नोंद सापडली तरी आधारवर पूर्ण नाव आणि लायसन्सवर वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर, अशा फरकावरही गाडी अडते. हे सगळं प्रवासाच्या आदल्या रात्री उरकणारं काम नव्हे.

तिकिटांची गोष्ट थोडी निराळी. ऑनलाइन काढलेल्या ई-तिकिटाचा मेसेज किंवा पीडीएफ फोनवर दाखवला तरी चालतो, सोबत ओळखपत्र हवं. पण रांगेत उभं राहून खिडकीवर काढलेल्या आरक्षणाचा फोटो हे तिकीट नव्हे. तो कागदच जवळ हवा. लोकलच्या मोबाइल तिकिटाचं तसंच, ते ॲपमध्ये उघडून दाखवायचं, स्क्रीनशॉट नाही. विमानाचा बोर्डिंग पास फोनच्या वॉलेटमध्ये घातला की नेट नसतानाही उघडतो, हे छान. मात्र गेट बदललं आणि नेट नसलं तर पासवर जुनाच आकडा राहतो, तेव्हा विमानतळावरच्या फलकाकडे नजर हवी. आणि तो पास व्हॉट्सॲप स्टेटसला लावण्याचा सोस कृपया आवरा, त्यावरच्या बारकोडच्या चौकटीत आपलं नाव आणि पीएनआर असतो.

डिजिलॉकर उघडायला नेट लागतं, आणि कोकण रेल्वेवर बोगदे किती ते सांगायला नको. गाडीत बसण्याआधी लॉगिन करून कागद एकदा उघडून पाहावा. माझं मत विचाराल तर वयस्कर माणसांनी एक प्लॅस्टिकचं कार्ड खिशात ठेवावंच. फोनची बॅटरी कुठे मान टाकेल, सांगता येत नाही.

रेल्वेने ठाणे आणि पनवेलच्या आरक्षण खिडक्यांवर मराठीत एक पाटी लावावी: डिजिलॉकरमधलं काय चालतं, काय नाही. आणि आरटीओने जुन्या पुस्तिकांच्या नोंदी चढवण्यासाठी गणपतीपूर्वी आठवड्यातला एखादा दिवस ज्येष्ठांसाठी राखून ठेवावा. आमच्या सोसायटीतच असे पुस्तिकावाले बरेच निघतील.

आपला,
एक वाचक, नौपाडा, ठाणे (प.)