फोनचं घड्याळ पुढे केलं की फुकट नाणी : ‘8 तास ऑफलाइन कमाई’ पॅकचे पैसे परत मिळण्याबाबत

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

तुमच्या कारखाना चालवायच्या गेममध्ये मी 299 रुपयांचा ‘ऑफलाइन कमाई 8 तास’ हा पॅक घेतला. गेम बंद असताना आधी जास्तीत जास्त 2 तासांची कमाई जमा व्हायची, पॅकनंतर ती 8 तासांची होते. पॅक मिळाला, चालतोही. पण ज्या गोष्टीचे तुम्ही पैसे घेतले, ती कोणालाही फोनच्या सेटिंगमधून फुकट मिळते आहे, ही माझी तक्रार आहे.

अंबाजोगाईत माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. एका जुन्या फोनची बॅटरी काढून पुन्हा बसवली तेव्हा त्याची तारीख कित्येक वर्षं मागे गेली होती. हे नेहमीचंच. गिऱ्हाइकाच्या पोरानं तेवढ्यात तुमचा गेम उघडून बंद केला. मी वायफाय जोडलं, तारीख आपोआप नीट झाली आणि गेम पुन्हा उघडताच त्याला भरगच्च कमाई मिळाली. मधे गेली असतील दोन-चार मिनिटं. तिथंच लक्षात आलं की गेम बंद करतानाची आणि उघडतानाची, दोन्ही वेळा तुम्ही फोनच्याच घड्याळातून घेता आणि त्यांच्या फरकाला कमाईच्या दरानं गुणता.

मग मी दुकानातल्या एका वेगळ्या फोनवर, नवीन खातं उघडून आणि पॅक न घेता, मुद्दाम तपासलं. तिथं दर सेकंदाला 50 नाणी होती. 2 तास म्हणजे 7,200 सेकंद, म्हणजे 3,60,000 नाणी. गेम बंद केला, सेटिंगमधली ‘स्वयंचलित तारीख आणि वेळ’ बंद केली, घड्याळ 2 तास पुढे सरकवलं, गेम उघडला. 3,60,000 जमा. पुन्हा 2 तास पुढे, पुन्हा तेवढीच. चार खेपांत पॅकवाल्याची 8 तासांची पूर्ण कमाई, 14,40,000 नाणी, एक चहा संपायच्या आत झाली. मर्यादा फक्त एका खेपेला आहे, खेपांना नाही.

त्यानंतर घड्याळ परत खऱ्या वेळेवर आणलं. आता फरक उणे येतो. तुमचा गेम त्याला शून्य धरतो आणि ती नवी वेळ साठवून पुढे चालू लागतो. म्हणजे लबाडी करणाऱ्याचं एक नाणंही जात नाही. चोरानं दार लोटून आत जावं आणि जाताना मालकानं त्याला पिशवी द्यावी, तसला प्रकार!

तुमच्याकडून आधी उत्तर आलं होतं की ‘आपल्या फोनची वेळ स्वयंचलित ठेवा’. अहो, माझी तशीच आहे. प्रश्न आठवडी स्पर्धेत घड्याळ हलवून माझ्या वरच्या क्रमांकावर बसलेल्यांचा आहे, आणि तिथं बक्षीस म्हणून देता ती रत्नं तुम्ही गेममधल्या दुकानात पैशानं विकता.

हे पकडता येत नाही असं कृपया म्हणू नका. स्पर्धेचे गुण तुमच्या सर्व्हरवर जातात आणि सर्व्हरला स्वतःचं घड्याळ असतं. एखाद्या खात्याचे गुण सकाळी 10 वाजता आले आणि पुन्हा 10 वाजून 5 मिनिटांनी आले, तर मधे 300 सेकंद गेले. त्या खात्याचा दर 50 असेल तर जाहिराती आणि दुप्पट कमाई धरूनही वाढ काही हजारांत बसते. लाखांत वाढ दिसली की घड्याळ हलवलंय. पुरावा तुमच्याच नोंदीत पडून आहे.

मात्र उपाय म्हणून गेम सतत इंटरनेटवरच चालेल असं करू नका. बालाघाटातल्या आमच्या कितीतरी गावांत रेंज येते-जाते, वीज गेली की टॉवरही गप्प. अँड्रॉइडमध्ये elapsedRealtime() ही मोजणी आहे. फोन सुरू झाल्यापासून किती वेळ गेला, तो झोपेत असतानाचा धरून, ती सांगते आणि सेटिंगमधली वेळ बदलून ती बदलत नाही. फोन बंद करून चालू केला की ती शून्यापासून सुरू होते, एवढीच तिची अडचण. तेव्हा फोन चालू राहिला असेल तर तिच्यावरून कमाई द्या. बंद-चालू झाला असेल तर कमाई ‘तात्पुरती’ दाखवा आणि रेंज आल्यावर सर्व्हरच्या वेळेशी ताडून पक्की करा. प्रामाणिक माणसाला थोडं थांबावं लागेल, पण त्याचं बुडणार नाही.

माझं मागणं असं, की पॅकचे 299 रुपये परत करावेत आणि सर्व्हरच्या नोंदी तपासून चालू स्पर्धेची यादी दुरुस्त करावी. पावती आणि दुकानात केलेल्या तपासणीचा व्हिडिओ सोबत जोडला आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवणार आहे.

आपला,
एक ग्राहक
अंबाजोगाई, जि. बीड