पाणी आल्यासारखं वाटलं

गुहागर

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, पहिल्याच पहाटे मी फजिती करून घेतली. चारच्या सुमाराला पाण्याचा आवाज आला आणि मी झोपेतच उठून, "आई, पाणी आलं!" म्हणत न्हाणीघरातल्या दोन बादल्या घेऊन मागच्या दारी धावले. तिथे सासूबाई हातात खोरं घेऊन पाटाचं पाणी वळवत होत्या. विहिरीवरचा पंप चालू होता. पाऊस संपला की पोफळींना असं रोज शिपणं लागतं. मला मात्र ते पाणी मातीत जाताना बघवेना. आपल्याकडे चार-पाच दिवसांनी नळ येतो, पिंपं भरेपर्यंत कुणी झोपत नाही, भाजी धुतलेलं पाणीसुद्धा आपण तुळशीला घालतो. हे सांगितल्यावर त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मे महिन्यात ये विहिरीवर, तळ दाखवते." तेव्हा जरा बरं वाटलं.

अंघोळीला तांब्याचा बंब आहे. मधल्या नळीत नारळाची सोडणं घालून पेटवायची. मी ती ओलीच घातली आणि घरभर धूर केला. बंबात पाणी आहे ना हे आधी बघायचं, कोरडाच तापला तर डाक सुटतो, एवढं मात्र मामंजींनी दोनदा बजावलं.

आई, भाकरीचं तुला सांगायलाच हवं. सोलापूरची म्हणून सगळे माझ्या हाताकडे बघत होते आणि पुढ्यात आलं तांदळाचं पीठ! मी ज्वारीसारखं गार पाण्यात मळलं. थापताना कडा फाटल्या आणि उचलताना निम्मी भाकरी परातीतच राहिली. जुन्या ज्वारीची विरी गेली की तू उकळतं पाणी घालतेस ना, तसंच आहे हे. तांदळाला विरी मुळातच नाही, म्हणून रोजच उकड काढायची. वाटीभर पाण्याला उकळी आली की मीठ आणि वाटीभर पीठ घालून ढवळायचं, झाकण ठेवायचं आणि हाताला सोसेल इतकं गरम असतानाच मळायचं. चौथ्या दिवशी एक फुगली. नंतरची नाही फुगली.

न्याहारीला मऊभात, तूप, मेतकूट. आजाऱ्याचं जेवण वाटलं मला. काल त्यावर तुझी शेंगाची चटणी घातली, तर दीर डबाच घेऊन बसले. तळाशी दोन चमचे उरली आहे. ती मी लपवून ठेवली.

बारा दिवस झाले, पण चारला जाग येतेच. इथे त्या वेळी मला काही काम नसतं. पडल्या पडल्या वाटतं, आज नळ आला असेल का, बाबा एकटेच पिंपाकडे बादल्या नेत असतील का. वरच्या मजल्यावर पाणी चढवू नका, पाइप लावा. तो जिन्याखाली पोत्यात आहे. आणि पाण्याची पाळी कधी ते आदल्या दिवशी कळवत जा. मी जागीच असते, फोन करून उठवीन.

तुमची,
चिमी