विषय: चार लाखांच्या तात्पुरत्या ओव्हरड्राफ्टची अडवणूक

प्रति,
विभागीय व्यवस्थापक

तुमच्या शाखेच्या कर्ज अधिकाऱ्यांशी आत्ताच फोनवर बोलणं झालं आणि त्यानंतर हे लिहितो आहे.

भोसरीत माझं मशीनिंगचं वर्कशॉप आहे. तुमच्याकडे पंधरा लाखांची सीसी आहे आणि ती जवळजवळ पूर्ण वापरात आहे. ग्राहक कंपनीकडे माझं ६,८४,४०० रुपयांचं बिल मंजूर होऊन पडलंय. ते ५ तारखेला मिळायचं होतं. त्यांची संगणकप्रणाली बदलत असल्यामुळे आता २५ तारखेला मिळेल, आणि तसं त्यांच्या अकाउंट्स विभागाचं पत्र मी अर्जाला जोडलंय. माल स्वीकारल्याची पावतीही जोडली आहे. कामगारांचा पगार ७ तारखेला करायचा असतो. म्हणून २५ तारखेपर्यंत चार लाख मागितले. ग्राहकाचे पैसे थेट तुमच्याच सीसी खात्यात जमा होतात, त्यामुळे वसुली तिथल्या तिथे होते.

यावर अधिकारी म्हणाले, "पैसे येणारच आहेत तर ओव्हरड्राफ्ट कशाला हवा? थांबा की २५ पर्यंत." मी म्हटलं, पगार ७ ला आहे. "मग ती कंपनी २५ ला देईलच कशावरून?" मी पत्राची आठवण करून दिली. "पत्र कोणीही देतं हो. चार लाखांची एफडी ठेवा, त्यावर लगेच करून देतो." चार लाख हातात असते तर मी पगार केला नसता का? एका दमात पैसे येणारच आहेत म्हणून नकार आणि दुसऱ्या दमात पैसे येतील कशावरून म्हणून नकार! मागे कामगार उभे होते, स्पीकर चालू होता, त्यांनीही हे ऐकलं.

तुमच्याच हिशेबाने बघा. मागच्या स्टॉक स्टेटमेंटवर, पंचवीस टक्के मार्जिन वजा करून, तुम्ही माझी डीपी १९ लाख २० हजार काढली आहे. मर्यादेवर चार लाख दिले तरी १९ लाखच होतात. वीस दिवसांचं व्याज बारा टक्क्यांनी सुमारे २,६०० रुपये, ते मी आनंदाने भरतो. याआधी घेतलेला टीओडीही ठरल्या दिवशी फिटला आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांची अशी तात्पुरती गरज भागवायला वेगळी अतिरिक्त मर्यादा ठेवता येते, हे रिझर्व्ह बँकेने २०१५ मध्येच बँकांना सांगितलंय. तुमच्या शाखेला ते कोणी सांगितलं नाही का?

परतफेड कुठून होणार हे मी कागदावर दाखवलंय. पुन्हा सांगतो, ती तुमच्याच खात्यातून होणार आहे.

७ तारखेच्या आत मंजुरी द्या, नाहीतर नकाराचं कारण लेखी द्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईन, आणि सीसी दुसऱ्या बँकेत हलवीन. इतक्या वर्षांचं खाते तोडताना वाईट वाटेल, पण कामगारांचा पगार अडवणाऱ्या बँकेत मी राहणार नाही.

आपला,
सीसी खातेदार, भोसरी