लाईटचा दोष नाही, तुमचा कॉम्प्रेसर लोडवर चालू होतोय

सर्व्हिस मॅनेजर साहेब,

नमस्कार. शिरोली एमआयडीसीतून लिहितोय, तुमचा 110 किलोवॅटचा स्क्रू कॉम्प्रेसर आमच्याकडे आहे, ही या विषयावरची चौथी तक्रार. दुपारी कॉम्प्रेसर चालू केला की पूर्ण शेडचे दिवे मंद होतात आणि दोन व्हीएमसी अंडरव्होल्टेजचा अलार्म देऊन उभे राहतात. गेल्या आठवड्यात कटिंग चालू असतानाच बंद पडलं, टूल गेलं आणि जॉब पण गेला.

तुमचा इंजिनिअर आला, लॉगरचा रिपोर्ट दाखवला, व्होल्टेज दिवसभर 410 च्या आसपास, म्हणजे कॉम्प्रेसर ओके, बाहेरच्या लाईटचा प्रॉब्लेम, सर्व्हो स्टॅबिलायझर घ्या. आणि जाताना त्याचं कोटेशन पण ठेवून गेला!

अहो, तो रिपोर्ट दहा मिनिटांच्या सरासरीचा होता. तीन सेकंद व्होल्टेज 57 ने खाली गेलं तरी 600 सेकंदांच्या सरासरीत ते पाव-अर्धा व्होल्टच दिसणार, म्हणजे काहीच नाही दिसणार. आम्ही मग भाड्याने लॉगर आणून मेन इनकमरवर आठवडाभर लावला, सेटिंग हाफ सायकल आरएमएस, आणि डिप 90 टक्क्यांखाली गेला, म्हणजे साधारण 373 व्होल्टच्या खाली, की वेव्हफॉर्म सेव्ह.

आता दुपारी दीडचा ट्रेस बघा, लंचनंतरचा. आधी 414 व्होल्ट, 140 अँपिअर. स्टारमध्ये चालू झाला, करंट 520, व्होल्टेज 394, इथपर्यंत ठीक. पण पाच सेकंद झाली तरी करंट 520 वरून जेमतेम 490 ला येतो, मग टायमर डेल्टाला टाकतो आणि करंट सरळ 1210, व्होल्टेज 357, ते पण तीन सेकंद. मशीनपर्यंत केबलमध्ये अजून पाच-सात व्होल्ट जातात, मग ड्राइव्ह ट्रिप नाही होणार तर काय.

बाहेरचा दोष म्हणायचा तर व्होल्टेज पडताना आमचा करंट एवढा उसळला नसता. बुधवारी खरोखर बाहेरून एक डिप आला होता, तो पण रेकॉर्ड झालाय, त्यात व्होल्टेज 340 ला गेलं पण त्याच्या आधी आमच्या करंटमध्ये काहीही वाढ नाही. दुपारच्या डिपला मात्र प्रत्येक वेळी करंट आधी चढतो, व्होल्टेज मग पडतं. म्हणजे कारण आमच्या शेडमध्येच आहे.

आणि खरी गंमत सकाळच्या ट्रेसमध्ये आहे. रात्रभर बंद असलेला कॉम्प्रेसर सकाळी चालू केला की स्टारमधला करंट चौथ्या सेकंदाला झपकन खाली येतो, डेल्टाला बदलताना एक बारीक काटा दिसतो, व्होल्टेज 395 च्या खाली जात नाही. मोटर तीच, 315 केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर तोच. मग दुपारी काय बदलतं?

आमच्या फिटरनेच शोधलं. दुपारी चालू करायच्या आधी त्यानं ऑइल सेपरेटरच्या टाकीचा गेज बघितला तर 4 बार! बंद केल्यावर ब्लोडाऊन व्हॉल्व्हनं मिनिटा-दोन मिनिटात ती हवा सोडून द्यायला हवी, तो अडकलाय. रात्रभरात हवा हळूहळू गळून जाते म्हणून सकाळी त्रास नाही, लंचच्या अर्ध्या तासात गळत नाही. स्टारमध्ये टॉर्क तसाही एक तृतीयांशच मिळतो, समोर 4 बार असल्यावर मोटर स्पीड पकडत नाही, अर्धवट स्पीडलाच डेल्टात जाते आणि जवळजवळ डायरेक्ट स्टार्टएवढा करंट खेचते.

तुमचा इंजिनिअर फोनवर म्हणाला टायमर पाचाचा दहा करा. नको. स्पीड वाढतच नसेल तर मोटर फक्त पाच सेकंद जास्त तापणार. आणि स्टॅबिलायझर तर मुळीच नको, त्याची सर्व्हो मोटर फिरून व्होल्टेज सावरेपर्यंत माझे व्हीएमसी केव्हाच बंद पडलेले असतील.

मशीन वॉरंटीत आहे, त्यामुळे ब्लोडाऊन व्हॉल्व्ह बदलून द्या, आणि टाकीतला प्रेशर उतरल्याशिवाय स्टार्टच होणार नाही असा इंटरलॉक कंट्रोलरमध्ये चालू करून द्या, विनाशुल्क. मग माझ्यासमोर लॉगर लावून दुपारचा स्टार्ट दाखवा, व्होल्टेज 390 च्या वर राहिलं पाहिजे. सगळे ट्रेस सोबत जोडलेत.

आणि माणूस पाठवाल तो दुपारी सव्वाला पाठवा, सकाळी नको. सकाळी तुमचा कॉम्प्रेसर एकदम गुणी बाळासारखा चालू होतो.