विषय : मागवलेल्या पोर्ट्रेटमध्ये माझी आई नाही, त्याबद्दल

मा. व्यवस्थापक,

आज सकाळी तुमच्या ग्राहक सेवेशी पाचव्यांदा बोलले. यापुढे फोन करणार नाही, म्हणून लिहिते आहे.

आईच्या वर्षश्राद्धासाठी १६ बाय २० इंचाचं चारकोल पोर्ट्रेट मागवलं, १४,५०० रुपये आगाऊ भरले. आलेल्या चित्रातली बाई देखणी आहे, पण ती माझी आई नाही.

आजचं बोलणं जसंच्या तसं सांगते, कारण ते मला विसरता येत नाही. फोनवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, आमच्या क्वालिटी चेकमध्ये ९० टक्के मॅच आलंय." मी विचारलं, ९० टक्के कशाचे? कुणी काय मोजलं? तो गप्प. मला थांबायला सांगितलं, चार मिनिटं गाणं वाजत राहिलं. मग परत येऊन म्हणाला, "आर्टिस्ट म्हणतात, माणूस गेलं की त्याचा चेहरा आपल्या मनात बदलत जातो. तुमच्या मनातली आई वेगळी असेल, चित्र फोटोप्रमाणेच आहे." आई जाऊन वर्ष झालेल्या बाईला तुमच्या कंपनीनं हे ऐकवलं. मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला, कारण आवाज फुटत नव्हता.

मनातली आई बाजूला ठेवते. फोटोतलीच घेते. मी २८ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला मुलं बसवली. आता हात थरथरतो म्हणून तुमच्याकडे आले. डोळे शाबूत आहेत.

फोटोच्या स्कॅनची प्रिंट अशा मापात काढली की दोन्ही बुबुळांच्या मध्यांमधलं अंतर चित्राइतकंच, म्हणजे ६० मिलिमीटर येईल. हे केल्याशिवाय दोन चेहऱ्यांची मापं ताडून पाहताच येत नाहीत. आईची मान किंचित कललेली आहे, म्हणून पट्टी उभी न धरता चेहऱ्याच्या मधल्या रेषेवर धरली. नाकाच्या बुडापासून हनुवटीपर्यंत दोन्हीकडे ६६ भरलं. पण नाकाच्या बुडापासून ओठांच्या फटीपर्यंत फोटोत २७ आणि तुमच्या चित्रात २२. हे २२ म्हणजे ६६ चा बरोबर एक तृतीयांश. नवशिक्यांना शिकवतात ते ठोकळ प्रमाण! तुमच्या चित्रकारानं फोटो बघितला नाही, पाठ केलेलं तोंड काढलं. आईचा वरचा ओठ लांब होता, आजीचाही होता, माझाही आहे. त्या पाच मिलिमीटरांत आमचं घराणं गेलं.

रंगछटेचं तर फार लागलं. फोटोत उजेड डावीकडच्या खिडकीतून येतो. पांढऱ्याला १ आणि काळ्याला ९ धरून राखाडी छटांची पट्टी केली, कार्डाला भोक पाडून एकेक जागा त्यातून पाहिली, म्हणजे शेजारची छटा डोळ्याला फसवत नाही. फोटोत कपाळ ५, सावलीतला गाल ७. तुमच्याकडे कपाळ ३, गाल ४. सगळंच दोन पायऱ्या उजळ असतं तर मी कागदाचा दोष म्हटलं असतं. छटांमधलं अंतर टिकलं की चेहरा टिकतो. इथे दोन पायऱ्यांची एक झाली, म्हणून गालाचं हाड सपाट झालं. आईला गोरं करायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं? ती सावळी होती आणि आम्हाला तशीच हवी आहे. डोळ्यांचं पांढरंही कोरा कागद सोडून काढलंय. पापणीच्या सावलीत ते कधीच इतकं पांढरं नसतं. म्हणून ती दचकल्यासारखी दिसते.

आणि हसू. फोटोत आई हसण्याच्या बेतात आहे. खालची पापणी वर सरकून बुबुळाची खालची कड झाकते, डोळ्याखाली बारीक वळी येते. तुम्ही ओठांचे कोपरे उचललेत, पण पापणी खालीच ठेवलीत; पूर्ण गोल बुबुळ दिसतं. ओठ हसतात, डोळे हसत नाहीत. चित्र आणि फोटो दोन्ही उलटे धरून एकदा बघा, तुम्हालाही दिसेल. माझ्या भावानं चित्र पाहून विचारलं, "ही कोण?" त्याला तर मी आधी काहीच सांगितलं नव्हतं.

तुमचं नाव ऐकून मी दोन मैत्रिणींनाही तुमच्याकडे पाठवलं होतं. त्याची आता लाज वाटते. पंधरा दिवसांत पूर्ण पैसे परत करा, नाहीतर दुसऱ्या चित्रकाराकडून नव्यानं काढून द्या आणि आधी नुसतं पेन्सिलचं रेखाटन मला मोजायला पाठवा. दोन्ही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. मापं, प्रिंट, छटांची पट्टी सगळं जपून ठेवलंय. आईला गोरं केलंत, हे तिथेही सांगेन.

पण त्याआधी एक करा. तुम्ही मागितलात म्हणून मी मूळ फोटो पाठवला होता. स्कॅन सोडला तर त्याची दुसरी प्रत नाही, निगेटिव्हही नाही. तो आजच स्पीड पोस्टानं परत पाठवा.

आपली,
एक ग्राहक