११:११ आणि चार चौकटी

प्रति,
माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘एंजल नंबर’ आणि ‘ट्विन फ्लेम’ यांवर अर्धं पान आलं आहे. घड्याळात वारंवार ११:११ दिसत असेल तर आपला आत्म्याचा जोडीदार आपली आठवण काढतो आहे, २२२ दिसलं तर धीर धरा, ५५५ दिसलं तर नात्यात मोठा बदल येतो आहे, असं त्यात लिहिलं आहे. मी चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. तरी हे पत्र गणिताच्या बाईंनी नाही, एका मावशीनं लिहिलं आहे असं समजावं. माझ्या भाचीचं एक सबंध वर्ष या आकड्यांत गेलं. तिच्या परवानगीनं लिहिते आहे.

ती सव्वीस वर्षांची आहे, इथे इंदुरातच विजयनगरकडे नोकरी करते. कॉलेजच्या मित्रमंडळातल्या एका मुलावर तिचा जीव जडला. त्यानं तिला समोर बसवून, सरळ शब्दांत सांगितलं की माझ्या मनात तसं काही नाही. पुढे तिचे फोन वाढले तेव्हा त्यानं तिचा नंबर ब्लॉक केला. याच सुमारास तिला ११:११ दिसू लागलं. मोबाइलवर रीडिंग देणाऱ्या एका बाईंनी तिला समजावलं की हा मुलगा तुझी ट्विन फ्लेम आहे, एकाच आत्म्याची दोन अर्धी, आणि तो ‘रनर’ आहे, म्हणजे प्रेमाच्या तेजाला घाबरून पळणारा. तू ‘चेसर’. आकडा दिसला की चोवीस तासांत त्याच्याकडून काही ना काही खूण येईल. पहिल्या रीडिंगचे १,१०० रुपये, मग ‘कॉर्ड हीलिंग’चे ५,१००, आणि शेवटी ‘युनियन’साठी, म्हणजे दोघांच्या मीलनासाठी, २१,००० मागितले. हा तिसरा आकडा ऐकून ती माझ्याकडे आली, आणि तीही पैसे मागायलाच.

मी तिला खोटं ठरवलं नाही. आकडे तिला खरोखर दिसत होते. मी एवढंच म्हटलं, “दिसतात ना? मग मोजू या.”

तिच्या फोनच्या घड्याळात बारा तासांची वेळ असते. एंजल नंबर म्हणून जे आकडे सांगतात त्यांतले घड्याळात येऊ शकणारे नऊ आहेत: १:११, २:२२, ३:३३, ४:४४, ५:५५, १०:१०, ११:११, १२:१२ आणि १२:३४. सकाळी सहा ते रात्री बारा एवढा वेळ ती जागी असते. त्यात सकाळचे १०:१० आणि ११:११ हे दोन, आणि दुपारी बारानंतर सगळे नऊ, असे अकरा ‘पवित्र’ मिनिटं येतात. अठरा तासांत मिनिटं असतात १,०८०. म्हणजे फोनकडे साधारण अठ्ठ्याण्णव वेळा नजर गेली की त्यांतल्या एकदा यांपैकी आकडा दिसणारच, कुणी पाठवला नाही तरी.

मग ती दिवसातून किती वेळा फोन पाहते? तिचा अंदाज होता चाळीस. मी तिला चारपानी वही दिली आणि सांगितलं, फोन पाहिलास की एक रेघ ओढ, आकडा दिसला तर रेघेला गोल कर. सात दिवसांत ७१४ रेघा झाल्या, दिवसाला शंभराहून थोड्या जास्त. हिशेबानं सातेक गोल यायला हवे होते, आले नऊ. हे दोन जास्त कुठून आले तेही वहीतच दिसत होतं. रात्री अकरानंतर रेघा एकमेकींना चिकटलेल्या होत्या: ११:०४, ११:०७, ११:०९, ११:१०, आणि मग ११:११. ती त्या मिनिटाची वाट पाहत होती. तिनं स्वतःच ते बोटानं दाखवलं आणि बराच वेळ काही बोलली नाही.

रस्त्यावरच्या गाड्यांचंही तसंच. चार आकड्यांच्या नंबरांत लागोपाठ तीन सारखे आकडे असलेले नंबर दहा हजारांत १७१ येतात, शून्यं सोडून. म्हणजे अठ्ठावन्न गाड्यांमागे एक. पलासियाच्या सिग्नलवर एका लाल दिव्यात तेवढ्या गाड्या समोर उभ्या असतात. शिवाय ११११ सारखे नंबर लोक लिलावात जास्त पैसे मोजून घेतात, ते दिसावेत म्हणूनच.

पण आकडा किती वेळा दिसतो हा अर्धाच प्रश्न आहे. तो दिसल्यावर सांगितलेली गोष्ट घडते का, हा खरा प्रश्न. इथे माणूस फसतो तो एका साध्या कारणानं: आपण चार चौकटींपैकी एकच लक्षात ठेवतो. आकडा दिसला आणि खूण आली, ही पहिली. आकडा दिसला पण खूण आली नाही, ही दुसरी. आकडा नव्हता तरी खूण आली, ही तिसरी. दोन्ही नाही, ही चौथी. पहिली चौकट मनात गोष्ट होऊन राहते, बाकीच्या तिन्ही कोरड्या दिवसांसारख्या विसरल्या जातात.

म्हणून मी तिला दुसरी वही दिली, अठ्ठावीस दिवसांची. आधी एक गोष्ट लिहून घेतली, कारण त्याशिवाय हा खेळ फुकट जातो: ‘खूण’ म्हणजे नेमकं काय? तिच्या मते त्याच्या नावाचं दुकान दिसणं ही खूण, त्याच्या आवडीचं गाणं रिक्षात लागणं ही खूण, स्वप्नही खूण. अशी मोकळी व्याख्या ठेवली तर कुठलाच दिवस रिकामा जात नाही. शेवटी ठरलं की कॉलेजच्या मित्रांच्या ग्रुपवर, जिथे दोघंही आहेत, त्यानं काहीही लिहिलं तर खूण, बाकी काही नाही. आणि एखाद्या दिवशी आकडा दिसला की नाही, याची नोंद ग्रुप उघडण्याआधी करायची.

अठ्ठावीस दिवसांत एकोणीस दिवस आकडा दिसला, नऊ दिवस दिसला नाही. आकड्याच्या एकोणीस दिवसांपैकी पाच दिवस त्यानं ग्रुपवर काही लिहिलं. आकडा नसलेल्या नऊ दिवसांपैकी तीन दिवस लिहिलं. चारांत एक आणि तिनांत एक. नऊ दिवस फार थोडे आहेत, म्हणून आकडा न दिसणं शुभ असा उलटा निष्कर्ष यातून निघत नाही. एवढंच निघतं की आकड्यामुळे खूण वाढल्याचं काही दिसलं नाही. तिला मात्र ते पाच दिवस आधीपासून तोंडपाठ होते. तीन दिवसांची तिला आठवणसुद्धा नव्हती.

अर्थांचीही एक परीक्षा आम्ही घेतली. २२२ चा अर्थ ४४४ च्या खाली, ४४४ चा ५५५ च्या खाली, अशी सगळी अदलाबदल करून मी तिला यादी हातानं लिहून दिली आणि मागच्या आठवड्याला काय लागू पडतं ते विचारलं. ती म्हणाली, “मावशी, हे तर आधीच्यापेक्षा जास्त जुळतंय गं.” यात तिचा भाबडेपणा नाही. अमेरिकेत बर्ट्राम फोरर या मानसशास्त्रज्ञानं १९४८ साली आपल्या ३९ विद्यार्थ्यांना ‘तुमच्यासाठी’ म्हणून स्वभाववर्णन दिलं, सगळ्यांना एकच. विद्यार्थ्यांनी त्याला पाचांपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. ‘धीर धरा, बदल येतो आहे, तुम्ही एकटे नाही’ हे कुणाला लागू पडत नाही?

पुरवणीत हे सगळं ‘प्राचीन ज्ञान’ म्हणून छापलं आहे, ते पूर्ण खरं नाही. अर्ध्या आत्म्याची कल्पना ग्रीकांकडे आहे. प्लेटोच्या एका संवादात झ्यूस माणसांना मधोमध चिरतो आणि मग ती आपलं दुसरं अर्ध शोधत फिरतात, अशी कथा येते. एंजल नंबर तर अगदी अलीकडचे. अमेरिकेतल्या डोरीन व्हर्च्यू यांच्या पुस्तकांनी ते घरोघर नेले, आणि २०१७ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर त्यांनी स्वतःच ती शिकवण सोडून दिली. त्यांचं कारण धार्मिक होतं, म्हणून तो पुरावा नाही, पण वाचकांना माहीत असायला हवं. आणि ११:११ ही वेळ तरी कुणाची? आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाचं आहे, मिर्झापूरजवळचं. इंदूर त्याच्या पश्चिमेला आहे. आपल्या सूर्यानुसार तेव्हा सरासरी दहा वाजून चव्वेचाळीस मिनिटं झालेली असतात. उज्जैनच्या वेधशाळेत सम्राट यंत्र या सूर्यघड्याळावर सावली पाहिली तर ही तफावत कुणालाही दिसते. भारतीय प्रमाणवेळ १९०६ पासूनची. त्याआधी देवदूत कुठलं घड्याळ पाहत होते, हा प्रश्न मी भाचीला अगदी मनापासून विचारला होता.

आता मला सगळ्यात जास्त काळजी वाटते त्या गोष्टीकडे येते. आकड्यांनी वेळ गेला, पैसे गेले. ‘रनर’ या शब्दानं त्याहून वाईट केलं. तो बोलला तर प्रेम, गप्प राहिला तर ‘सेपरेशन’ची पायरी, ब्लॉक केलं तर पळ काढतोय म्हणजे नक्कीच ट्विन फ्लेम. मी भाचीला विचारलं, “काय घडलं तर तू म्हणशील की तो तुझी ट्विन फ्लेम नाही?” ती दोन दिवस विचार करत होती. तिला एकही गोष्ट सापडली नाही. तेव्हा मी म्हटलं, “अगं, मग त्यानं समोर बसून ‘नाही’ म्हटलं, ते कुठे गेलं?”

एका माणसाचा स्पष्ट नकार या भाषेत होकाराची खूण होतो. मुलीच्या जागी मुलगा असता तर? मुलीनं नको म्हटल्यावरही वारंवार संपर्क करणं, पाठलाग करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. आपली पुरवणी मुलंही वाचतात. त्यांतल्या एखाद्यानं ‘ती पळते आहे म्हणजे तीच’ असं वाचून काय करावं, असं आपल्याला वाटतं?

सदर बंद करा असं मी म्हणत नाही. माझी मागणी दोन गोष्टींची आहे. या विषयावर लिहिणारी व्यक्ती स्वतः पैसे घेऊन रीडिंग देते का आणि किती घेते, ते लेखाखाली छापावं. आणि पुढच्या वेळी आकड्याचं भाकीत छापताना काय घडेल आणि कोणत्या तारखेपर्यंत, ते आधी छापावं, मग त्या तारखेनंतरच्या रविवारी त्याच जागी काय झालं तेही.

२१,००० रुपये भाचीनं दिले नाहीत. आधीचे ६,२०० परत मिळाले नाहीत. ११:११ तिला अजून दिसतं, काल जेवताना तिनंच सांगितलं. तिनं दोन्ही वह्या ठेवल्या आहेत, आणि तिच्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं त्यांतली कोरी पानं मागून नेली आहेत.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका
रामबाग, इंदूर